अर्ध्या बॉडीचा हिशेब : हरामी, पिअर्सिंग लाइन आणि डार्क क्लाउड कव्हर

हरामी, पिअर्सिंग लाइन आणि डार्क क्लाउड कव्हर या तिन्ही दोन कँडलच्या रचना आहेत, आणि तिघींची ओळख एकाच प्रश्नावरून पटते : दुसऱ्या कँडलने पहिल्या कँडलच्या बॉडीचा किती भाग व्यापला? रंग, आधीचा ट्रेंड, शॅडोची लांबी यांना महत्त्व आहेच, पण व्याप्तीचे माप चुकले तर रचनेचे नावच बदलते. कधी कधी तर अर्थ थेट उलटा होतो. मंदी संपत आल्याची खूण म्हणून जी वाचली जाते, ती प्रत्यक्षात मंदी चालूच राहण्याची खूण असू शकते.

कँडलची बॉडी म्हणजे त्या दिवसाचा उघडता भाव आणि बंद भाव यांच्यामधला जाड भाग. दिवसभरातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव बॉडीबाहेरच्या बारीक रेषांनी दाखवतात, त्या शॅडो. बंद भाव उघडत्या भावापेक्षा वर असेल तर बॉडी हिरवी किंवा पांढरी, खाली असेल तर लाल किंवा काळी. जपानच्या तांदूळ बाजारातून वाढलेली ही पद्धत इंग्रजी वाचणाऱ्या जगात रुजवली ती मुख्यतः स्टीव्ह निसन या अमेरिकी विश्लेषकाने, 1991 साली आलेल्या पुस्तकातून. आज जे नियम सर्वत्र सांगितले जातात, त्यांतले बरेचसे त्याच्या मांडणीतून आलेले आहेत.

एक काल्पनिक शेअर घेऊ. काही आठवडे भाव घसरतो आहे. सोमवारी तो 520 रुपयांवर उघडतो, 522 पर्यंत जातो, 497 पर्यंत पडतो आणि 500 वर बंद होतो. लाल बॉडी 520 ते 500, म्हणजे 20 रुपयांची. तिचा मध्य 510. आता सारे लक्ष मंगळवारकडे.

मंगळवारी शेअर 494 वर उघडला, म्हणजे सोमवारच्या 497 या नीचांकाच्याही खाली. विक्री करणाऱ्यांना सकाळी आपलेच राज्य आहे असे वाटले. भाव 492 पर्यंत गेलाही. मग खरेदी आली आणि दिवस संपताना भाव 512 वर बंद झाला. सोमवारच्या बॉडीत तो 500 पासून 512 पर्यंत, म्हणजे 12 रुपये आत शिरला. 20 पैकी 12, म्हणजे 60 टक्के. ही पिअर्सिंग लाइन : घसरणीत पडलेली लाल कँडल, तिच्या नीचांकाखाली उघडलेली दुसरी कँडल आणि पहिल्या बॉडीच्या मध्याच्या वर बंद भाव.

बाकी सगळे तसेच ठेवून मंगळवारचा फक्त बंद भाव बदलला की काय होते ते पाहण्यासारखे आहे. भाव 497 च्या आसपास, म्हणजे सोमवारच्या नीचांकाशी येऊन थांबला, तर ती ऑन-नेक रचना. 501 वर, म्हणजे बॉडीत जेमतेम डोकावून थांबला, तर इन-नेक. 507 पर्यंत गेला, म्हणजे 35 टक्के आत शिरला पण मध्य ओलांडू शकला नाही, तर थ्रस्टिंग. 510 च्या वर बंद झाला तर पिअर्सिंग. आणि 521 वर बंद झाला तर सोमवारची संपूर्ण बॉडी गिळली गेली. ती बुलिश एंगल्फिंग.

या पाच पायऱ्यांमधल्या पहिल्या तीन, म्हणजे ऑन-नेक, इन-नेक आणि थ्रस्टिंग, परंपरेने मंदीच्या मानल्या जातात. घसरण थोडी दम घेते आणि पुन्हा सुरू होते, असा त्यांचा अर्थ. शेवटच्या दोन तेजीकडे वळण्याच्या. म्हणजे 507 आणि 512 या दोन बंद भावांमध्ये अंतर केवळ पाच रुपयांचे, पण मध्ये 510 ची रेषा आहे आणि तिच्या दोन बाजूंना परस्परविरुद्ध वाचन आहे. म्हणूनच पिअर्सिंग लाइनच्या बाबतीत निसन सवलत देत नाही. मध्य ओलांडलाच पाहिजे, हा त्याचा आग्रह आहे. मध्याच्या खालच्या जागा आधीच दुसऱ्या नावांनी आणि उलट्या अर्थाने भरलेल्या आहेत, हे त्यामागचे कारण.

पण मध्यच का? 40 टक्के का नाही, किंवा दोन तृतीयांश का नाही? याचे बरेच समाधानकारक उत्तर दोन कँडलची मिळून एक कँडल केल्यावर मिळते. पहिल्या दिवसाचा उघडता भाव, दुसऱ्या दिवसाचा बंद भाव आणि दोन दिवसांतला सर्वांत वरचा व खालचा भाव घेतले की जोडकँडल तयार होते. आपल्या पिअर्सिंगची जोडकँडल 520 वर उघडते, 492 पर्यंत खाली जाते आणि 512 वर बंद होते. बॉडी 8 रुपयांची, खालची शॅडो 20 रुपयांची. वरची शॅडो फक्त 2 रुपये. खालची शॅडो बॉडीच्या दुप्पट किंवा अधिक आणि बॉडी वरच्या टोकाला, ही हॅमरची व्याख्या. म्हणजे पिअर्सिंग लाइन ही दोन दिवसांवर पसरलेली हॅमर आहे. थ्रस्टिंगच्या 507 या बंद भावाने हेच करून पाहिले तर बॉडी 13 रुपयांची आणि शॅडो 15 रुपयांची येते. तिला हॅमर म्हणता येत नाही. ती खाली शेपूट असलेली साधी लाल कँडल आहे. विक्रेत्यांनी कमावलेला बराचसा भाग अजून त्यांच्याच हातात आहे. मध्याची रेषा म्हणजे काही निसर्गनियम नव्हे, पण हॅमरसारखा आकार साधारण तिच्या आसपास उमटू लागतो, हे आकड्यांत दिसते.

डार्क क्लाउड कव्हर हे याचेच वरच्या बाजूचे रूप. भाव चढत आलेला आहे. पहिल्या दिवशी शेअर 500 वर उघडून 520 वर बंद होतो, उच्चांक 522. दुसऱ्या दिवशी तो 525 वर, म्हणजे त्या उच्चांकाच्याही वर उघडतो. खरेदी केलेल्यांना हायसे वाटते, नवे खरेदीदार घाईने शिरतात. भाव 527 ला स्पर्श करतो, तिथून विक्री सुरू होते आणि दिवसअखेर 508 वर बंद होतो. हिरव्या बॉडीत वरून खाली 12 रुपये, म्हणजे पुन्हा 60 टक्के प्रवेश. जोडकँडल केली तर उघडता भाव 500, बंद भाव 508, उच्चांक 527. बॉडी 8 आणि वरची शॅडो 19. ती शूटिंग स्टार झाली. आदल्या दिवशी 510 च्या वर खरेदी केलेला प्रत्येकजण आता तोट्यात आहे, आणि सकाळी 525 ला घेतलेल्यांचा तोटा तर सतरा रुपयांचा. उद्या भाव थोडा जरी वर आला तरी हीच माणसे सुटका करून घेण्यासाठी विकतील, या अपेक्षेवर या रचनेची ताकद उभी आहे.

इथे मात्र मापाच्या नियमात एक फरक पडतो आणि तो बहुतेक पुस्तकी सारांशांत हरवतो. डार्क क्लाउडमध्ये 50 टक्के प्रवेश ही चांगली रचना मानली जाते, पण तेवढा प्रवेश झाला नाही तर ती रचना लगेच बाद करत नाहीत. 40 टक्के आत आलेली लाल कँडल दिसली तर जाणकार तिसऱ्या दिवसाची वाट पाहतात; भाव आणखी खाली बंद झाला तर इशारा खरा धरतात. पिअर्सिंगला ही मुभा नाही. कारण वर आलेच आहे : खालच्या बाजूला अपुऱ्या प्रवेशाच्या तीन वेगळ्या, मंदीच्या रचना आहेत. वरच्या बाजूला अशी रूढ नावे नाहीत, त्यामुळे अपुरा प्रवेश हा उलटा इशारा ठरत नाही, फक्त कमकुवत इशारा ठरतो. कँडल ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हा फरक उतरला आहे. TA-Lib या प्रचलित संगणकी संग्रहात CDLDARKCLOUDCOVER या फंक्शनला प्रवेशाचे प्रमाण वापरणाऱ्याला ठरवता येते. न ठरवल्यास ते 0.5 असते. CDLPIERCING मध्ये असा पर्यायच नाही. अर्धी बॉडी ही अट आत पक्की बसवलेली आहे.

आता हरामी. जपानी भाषेत या शब्दाचा संबंध गर्भवतीशी आहे : मोठी कँडल ही आई, तिच्या बॉडीत सामावलेली छोटी कँडल हे पोटातले बाळ. आकार डोळ्यांपुढे आणायला हे नाव पुरेसे आहे. सोमवारची तीच 520 ते 500 ची लाल कँडल घ्या. मंगळवारी शेअर 506 वर उघडतो, 513 आणि 504 यांच्यामध्ये फिरतो आणि 511 वर बंद होतो. मंगळवारची 506 ते 511 ही पाच रुपयांची बॉडी सोमवारच्या बॉडीच्या पूर्णपणे आत आहे. हा बुलिश हरामी.

नवख्यांचा गोंधळ नेमका इथे होतो. 511 हा बंद भाव मध्याच्या वर आहे, मग ही पिअर्सिंग का नाही? कारण पिअर्सिंगमध्ये प्रवेश बाहेरून झालेला असतो. भाव आधी नीचांकाखाली गेला, तिथे विक्रेत्यांनी जोर लावून पाहिला, आणि तो जोर मोडून भाव वर आला. हरामीत भाव उघडलाच आत. लढाई झालीच नाही. विक्रेते थकले, एवढेच कळले. म्हणून दुसऱ्या कँडलचे नाव ठरवताना आधी उघडता भाव पाहायचा आणि मग बंद भाव. आत उघडून आत बंद झाली तर हरामी, बाहेर उघडून अर्ध्याहून आत आली तर पिअर्सिंग किंवा डार्क क्लाउड.

त्यामुळे हरामीत ‘किती टक्के आत शिरली’ हे माप लागू पडत नाही. तिथे दोन गोष्टी मोजतात : दुसरी बॉडी पूर्ण आत आहे का, आणि पहिलीच्या तुलनेत ती किती लहान आहे. पूर्ण आत असण्याची अट बॉडीपुरती आहे. दुसऱ्या कँडलची शॅडो पहिल्या बॉडीबाहेर गेली तरी हरामी बिघडत नाही, मात्र शॅडोही आत राहिली तर रचना अधिक नेटकी मानतात. इनसाइड डे नावाची पाश्चात्त्य रचना इथेच वेगळी पडते. तिच्यात उच्चांक आणि नीचांक दोन्ही आदल्या दिवसाच्या आत असावे लागतात, बॉडीचा विचार नसतो. रंगाचे बंधनही हरामीत सैल आहे. दुसरी कँडल बहुधा उलट्या रंगाची असते, पण एंगल्फिंगसारखी ती सक्ती नाही.

लहानपणाचे एकच सर्वमान्य प्रमाण नाही. आपल्या उदाहरणात 20 ला 5, म्हणजे पाव. हा निःशंक हरामी. दुसरी बॉडी 15 रुपयांची असती, समजा 502 ते 517, तर व्याख्येने ती आतच असती, पण ‘बाळ’ म्हणण्याजोगी राहिली नसती. तिने आदल्या दिवसाची बहुतेक घसरण भरून काढली. तो विराम नव्हे, चांगलीच हालचाल आहे. TA-Lib मधला हरामी दोन्ही बॉडींची तुलना अलीकडच्या दहा कँडलच्या सरासरी बॉडीशी करतो : पहिली सरासरीहून मोठी आणि दुसरी सरासरीहून लहान हवी. ही कसोटी हाताने आलेख वाचतानाही उपयोगाची आहे, कारण ती त्या शेअरच्या स्वतःच्या स्वभावाशी तुलना करते. दुसरी कँडल डोजी असेल, म्हणजे उघडता आणि बंद भाव जवळजवळ एकच असेल, तर तिला हरामी क्रॉस म्हणतात आणि साध्या हरामीपेक्षा तिला जास्त वजन देतात.

तरीही हरामी ही तिघींतली सर्वांत दुबळी खूण आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. जोडकँडलची कसोटी इथेही लावून पाहता येते. हरामीच्या उदाहरणात जोडकँडल 520 वर उघडते, 497 ला तळ गाठते, 511 वर बंद होते. बॉडी 9, खालची शॅडो 14. हॅमरला लागणारी दुप्पट शॅडो जमत नाही. अमेरिकी शेअर्सच्या आलेखांवर अशा रचनांची मोजणी करणारे थॉमस बुल्कोव्स्की यांच्या 2008 च्या ग्रंथातही हरामीचा निकाल छाप-काट्याच्या जवळच राहतो, तर पिअर्सिंग आणि डार्क क्लाउड त्याहून बऱ्यापैकी वर आहेत. हरामीचा उपयोग चाललेला सौदा आवरता घ्यायचा का हे विचारण्यापुरता ठेवावा. केवळ तिच्यावर नवा सौदा उभारणे फारच कच्चे काम आहे.

मोजताना होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. पहिली, बॉडीऐवजी संपूर्ण पल्ला मोजणे. सोमवारचा नीचांक 497 ऐवजी 485 असता, तर 522 ते 485 या पल्ल्याचा मध्य 503.50 येतो. मग 505 वर बंद झालेली कँडल ‘अर्ध्याच्या वर’ वाटते. प्रत्यक्षात बॉडीत ती फक्त 5 रुपये, म्हणजे 25 टक्के शिरलेली आहे. दुसरी चूक पहिली बॉडी पुरेशी मोठी आहे की नाही हे न पाहण्याची. 500 रुपयांच्या शेअरमध्ये तीन रुपयांची लाल बॉडी असेल तर तिचा अर्धा भाग दीड रुपयाचा. तेवढी हालचाल कुठल्याही पाच मिनिटांत होते; तिच्यावरून कोण जिंकले कोण हरले हे ठरवता येत नाही.

तिसरी अडचण बंद भावाचीच आहे. राष्ट्रीय शेअर बाजारात रोखीच्या शेअर्सचा अधिकृत बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव न धरता अखेरच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या उलाढालीनुसार काढलेल्या सरासरीने ठरवण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. दुपारी तीन वाजता भाव 506 असेल आणि साडेतीनला 513 वर शेवटचा सौदा झाला असेल, तर सरासरी 509 च्या आसपास येऊ शकते. एका आलेखात शेवटचा सौदा दाखवलेला असतो, दुसऱ्यात अधिकृत बंद भाव. एकात पिअर्सिंग दिसते, दुसऱ्यात थ्रस्टिंग. ज्या रचनेचे भवितव्य मध्यरेषेच्या रुपया-दोन रुपयांवर लटकले आहे, तिच्याबद्दल निर्णय घेण्याआधी आलेख कोणता भाव वापरतो हे तपासावे, आणि तरीही शंका उरली तर रचना झालीच नाही असे धरावे.

उघडत्या भावाचीही स्वतःची अडचण आहे. पिअर्सिंग आणि डार्क क्लाउड दोन्हींना गॅप लागते. शेअर बाजार रात्रभर बंद असतो, सकाळी नऊच्या प्री-ओपन सत्रात मागणी-पुरवठ्याचा मेळ बसून सव्वानऊला पहिला भाव येतो, म्हणून रोजच्या आलेखात गॅप नैसर्गिकपणे पडते. पण पाच मिनिटांच्या आलेखात दिवसाची पहिली कँडल सोडली तर प्रत्येक कँडल आधीच्या बंद भावाच्या आसपासच उघडते. परकीय चलनाचे तेच. मुंबईच्या एमसीएक्सवर सोन्याचे सौदे रात्री उशिरापर्यंत चालतात, तेव्हा तिथेही गॅप लहान असतात. काटेकोर व्याख्या लावली तर अशा आलेखांत पिअर्सिंग जवळजवळ सापडणारच नाही. म्हणून तिथे ‘नीचांकाखाली उघडणे’ ही अट सैल करून ‘बंद भावाशी किंवा त्याखाली उघडणे’ अशी घेतात. ही सवलत योग्य आहे, मात्र बाहेरून आत येण्याचा पुरावा त्यात पातळ होतो. तो भरून काढायला प्रवेशाची अट कडक ठेवावी : निम्म्याऐवजी साठ टक्क्यांच्या पुढे. शेअर बाजारातही लाभांशाच्या एक्स-डेटला भाव खाली उघडतो, ती गॅप विक्रेत्यांनी पाडलेली नसते. त्या दिवशी दिसणारी पिअर्सिंग लाइन खरी मानू नये.

प्रवेश जितका खोल तितकी खूण भरवशाची, हे साधारण खरे आहे. पण या खोलीची किंमत मोजावी लागते. पिअर्सिंगमध्ये तोटा थांबवण्याची जागा दोन कँडलच्या तळाखाली असते, आपल्या उदाहरणात 492 च्या खाली. 512 वर खरेदी केली तर जोखीम शेअरमागे 20 रुपयांहून जरा अधिक. भाव 521 पर्यंत जाऊन एंगल्फिंग झाली असती तर खूण जास्त ठाम, पण तीच जोखीम 29 रुपयांची. काहीजण म्हणून दुसऱ्या दिवसाच्या बंद भावावर उडी न मारता तिसऱ्या दिवशी भाव 510 च्या मध्यरेषेपर्यंत परत येण्याची वाट पाहतात. तिथे खरेदी मिळाली तर जोखीम घटते. भाव परत आलाच नाही तर सौदा हुकतो. डार्क क्लाउडमध्ये हाच हिशेब उलटा : थांबण्याची जागा 527 च्या वर, आणि त्या पातळीच्या वर भाव बंद झाला की रचना रद्द, मग प्रवेश 60 टक्के असो वा 90.